चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये झाकणाचा डस्टबिन आणि टॉयलेट रोल: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या आधी घेतलेला अरुंद, दाबून उघडणाऱ्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डस्टबिन आणि झडप असलेला रोल होल्डर, या दोन वस्तूंबद्दल लिहिते आहे. मधे उन्हाळा गेला, पुण्यातला पूर्ण पावसाळा गेला, त्यामुळे आता खात्रीने सांगता येईल. वस्तू कुठल्या घेतल्या यापेक्षा त्या कुठे ठेवल्या यावर सगळं ठरतं, म्हणून आधी जागा सांगते.

आमचं बाथरूम चार फूट रुंद आणि सहा फूट लांब. संडास, आंघोळ सगळं त्यातच. कमोड आतल्या भिंतीला, म्हणजे बसल्यावर तोंड दाराकडे. बसल्यावर उजव्या हाताला जेट, नळ, बादली आणि शॉवर, डाव्या हाताला कोरी भिंत. कमोड आणि त्या डाव्या भिंतीच्या मधे साधारण 22 सेंटिमीटरची फट आहे. दार आत उघडतं आणि याच डाव्या भिंतीला टेकतं. घरात मी, सासूबाई, दहावीतली मुलगी आणि हे.

पूर्वी आमच्याकडे पाच लिटरचा गोल स्टीलचा पायाने उघडायचा डस्टबिन होता. दुकानात तो छानच वाटतो, हात लावावा लागत नाही. पण एवढ्याशा बाथरूममध्ये त्याच्या दोन अडचणी होतात आणि त्या चांगल्या कंपनीचा घेऊनही टळत नाहीत. पहिली अशी की त्याचं पायडल पुढच्या बाजूला असतं. डबा कमोडशेजारच्या फटीत ठेवला की बसलेल्या माणसाचा पाय तिथे पोचत नाही. पॅड बदलताना डबा बसल्या बसल्या उघडता आला पाहिजे, हातात वापरलेलं पॅड घेऊन उठून उभं राहायला लागलं तर त्या पायडलचा काय उपयोग? डबा समोर ठेवावा तर दार अडतं. दुसरी अडचण गंजाची. आंघोळीचं पाणी डब्याच्या बुडाशी साचतं, बाहेरचा पत्रा आणि आतली बादली यांच्या मधे ओल राहते, शिवाय कमोड साफ करायच्या ॲसिडची वाफ स्टीललाही खाते. एका पावसाळ्यात पायडलची सळई आणि बुडाची कड तांबडी झाली आणि फरशीवर गोल डाग उठला. तो डाग घासून अजून पूर्ण गेलेला नाही.

म्हणून नवा डबा निवडताना मी आधी टेप घेऊन फट मोजली. घेतलेला डबा 15 सेंटिमीटर रुंद, 24 लांब आणि 30 उंच आहे. वर बोटाने दाबलं की झाकण टक्कन उघडतं, परत दाबलं की बसतं. रुंदी 22 पैकी 15 गेल्यामुळे दोन्ही बाजूंना बोट घालून पुसता येतं, डबा भिंतीला किंवा कमोडला चिकटून राहत नाही. ही मोकळी जागा सोडणं फार महत्त्वाचं आहे, नाहीतर मधल्या ओल्या फटीत काळी बुरशी धरते. डबा कमोडच्या पुढच्या कडेपासून जरा मागे ठेवला आहे, बसून डावा हात सरळ खाली सोडला की झाकणाला लागतो.

कोरडी जागा कुठली हे अंदाजाने ठरवू नका. सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर पाच मिनिटांनी आत जाऊन बघा. आमच्याकडे पाण्याचा उतार उजव्या कोपऱ्यातल्या जाळीकडे आहे, त्यामुळे डावी बाजू आधी सुकते. ज्यांची जाळी कमोडच्या मागे आहे त्यांच्याकडे नेमकी हीच फट सगळ्यात ओली असेल. तिथे डबा जमिनीवर ठेवूच नये, भिंतीला अडकवायचा लहान डबा घ्यावा.

आता मुख्य गोष्ट, पॅडची विल्हेवाट. फ्लशमध्ये पॅड टाकायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण का, ते मी मुलीला करून दाखवलं. नवं पॅड फाडून आतला थोडा कापूस आणि भुकटी वाटीभर पाण्यात टाकली. ती भुकटी पाणी पिऊन जेलीसारखी फुगते आणि फुगलेलीच राहते. वरून प्लॅस्टिकचा थर तर विरघळतच नाही. कमोडच्या खालच्या वळणात असं एक पॅड अडकलं तरी तुंबतं, आणि सोसायटीत ते बहुधा खालच्या मजल्यावरच्यांच्या घरात वर येतं.

आमची पद्धत अशी आहे. पॅड आतल्या बाजूने घट्ट गुंडाळायचं, नव्या पॅडच्या वेष्टनात घालायचं, मग वर्तमानपत्राच्या पाव पानात पुडी करायची आणि त्यावर लाल स्केचपेनने मोठा ठिपका. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताईंनी या लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती. सुका कचरा त्या हाताने निवडतात. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला काढता येते. पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यायचे हे 2016 च्या घनकचरा नियमांतही सांगितलं होतं, पण आमच्या ताईंनी मला जे सांगितलं ते जास्त लक्षात राहिलं: "कागद सुटला की हात भरतात हो, आणि तसंच पुढचं घर करावं लागतं." तेव्हापासून पुडीला सुतळीचा एक वेढा देते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिलं तर आत काय आहे ते बघायला ती फोडावीच लागते, म्हणून कागदच बरा.

कागदाचे तुकडे आणि पेन कुठे ठेवायचं यावर पद्धत टिकते की मोडते ते ठरतं. सुरुवातीला ते बाहेर कपाटात होते, तेव्हा घाईत नुसतंच पॅड डब्यात पडायचं. आता फ्लशच्या टाकीवर झाकणाचा एक चपटा डबा आहे, त्यात आधीच कापलेले कागद, सुतळीचे तुकडे आणि पेन. मुलीच्या मैत्रिणी येतात तेव्हा त्यांनाही कुणाला विचारावं लागत नाही. परक्या घरात पाळी आलेल्या मुलीने डबा कुठे आहे हे मोठ्याने विचारायचं, हे मला अजिबात नको होतं. झाकणावर छोटी चिठ्ठी आहे: "कागदात गुंडाळून डाव्या डब्यात."

वासाबद्दल खरं सांगायचं तर झाकण वास आत कोंडून ठेवतं, तो धरणं थांबवत नाही. रक्त दमट हवेत कुजायला लागलं की वास येतोच, आणि पावसाळ्यात तो दुसऱ्या दिवशी जाणवतो. म्हणून डबा लहान असलेला चांगला. मोठा डबा भरेपर्यंत ठेवायचा मोह होतो. आमच्याकडे भरो न भरो, रोज सकाळी पुड्या वेगळ्या काढून ताईंकडे जातात. हे काम आठवड्यातले निम्मे दिवस हे करतात. घरातल्या पुरुषाने डब्याला हात लावायला लागल्यावर मुलीचा संकोच किती कमी झाला ते मी स्वतः पाहिलं आहे. रविवारी डबा साबणाच्या पाण्याने धुऊन गच्चीत उन्हात पालथा घालतो, बुडाशी कागदाची जाड घडी. सुगंधी गोळ्या टाकून पाहिल्या, पण दोन्ही वास मिसळून जास्त त्रास झाला, त्या बंद केल्या.

सासूबाईंना आजारपणात काही आठवडे रात्री डायपर लागत होते. ते या डब्यात मावत नाहीत, कोंबले तर झाकण नीट बसत नाही. तेवढ्यापुरती बाल्कनीत झाकणाची वेगळी बादली ठेवली होती. कायम डायपर लागत असतील तर हा डबा घेऊ नका.

आता रोल. आम्ही पाण्यानेच धुतो, कागद पुसून कोरडं व्हायला. मला वारंवार लघवीचा संसर्ग व्हायचा तेव्हा डॉक्टरांनी धुतल्यावर पुढून मागे टिपून कोरडं करायला सांगितलं, तेव्हापासून रोल आला. आधीच्या मालकांचा होल्डर जेटच्या वर लावलेला होता, तिथे रोल आठवडाभरात भिजून लगदा व्हायचा. नवा डाव्या भिंतीवर घेतला. जागा ठरवायला मी कमोडवर बसले, आणि हाताला सहज लागेल तिथे मुलीने पेन्सिलने खूण केली. मध्य जमिनीपासून 65 सेंटिमीटरवर आला, कमोडच्या पुढच्या कडेच्या 20 सेंटिमीटर पुढे. कडेच्या बरोबरीने किंवा मागे लावला तर अरुंद जागेत रोल कोपराला आणि मांडीला लागतो, आणखी पुढे गेला असता तर उघडलेलं दार त्याला आपटलं असतं. डबा मागे असल्यामुळे त्याचं झाकण वर उघडतं तेव्हाही रोलला लागत नाही. दोन्ही एकाखाली एक लावणार असाल तर डब्याच्या उंचीत झाकणाची लांबी मिळवून बघा. आमच्या डब्याचं उघडं झाकण 54 वर जातं, रोलचा तळ 60 वर आहे. चाळीस उंचीचा डबा असता तर दर वेळी लागला असता.

भोक पाडताना प्लंबरने आधी नळाच्या रेषेत पाइप कुठून गेलाय ते पाहिलं, टाइल फुटू नये म्हणून टाइल संपेपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवला. भाड्याच्या घरात चिकटवायचा होल्डर चालतो, पण गुळगुळीत टाइलवरच. टाइल स्पिरिटने पुसून, चिकटवून, एक दिवस रोल न लावता ठेवावा लागतो. खरबरीत टाइलवर तो पडतोच, शेजाऱ्यांचा पडला.

होल्डरची वरची झडप शिंतोड्यांपासून वाचवते, पण पावसाळ्यातल्या दमट हवेपासून वाचवत नाही. जुलैत शेवटचे थर सर्द होतात. अर्धा संपलेला रोल लावून उरलेले बाहेर कपाटात ठेवले की हे कमी होतं. टिपलेला कागद दोन-तीन चौकोन असेल तर आम्ही फ्लश करतो. स्वयंपाकघरातला टिशू आणि ओले वाइप्स मात्र डब्यातच. फरक बघायचा असेल तर दोन्ही पाण्याच्या बाटलीत घालून हलवा, टॉयलेट पेपरचे तुकडे होतात, टिशू तसाच राहतो.

डब्याबद्दलची एकच तक्रार: झाकणाची खिट्टी आता सैल झाली आहे. कधी कधी दाबूनही लागत नाही आणि झाकण बोटभर उघडं राहतं. असं झालं की रात्री झुरळ येतं, म्हणून झोपण्याआधी एकदा बघते. सुटी खिट्टी मिळत नाही, दुकानदार म्हणतो नवा डबा घ्या. साडेतीनशेच्या आसपासच्या वस्तूला वर्षभर म्हणजे वाईट नाही, पण पुढच्या वेळी हाच आकार आणि नुसतं हाताने उचलायचं झाकण असलेला मिळाला तर तो घेईन.