किचन ट्रॉलीचे पैसे अडकले, आणि दुकानदाराने तारीखच फिरवली

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरासाठी किचन ट्रॉलीचं काम मी विजापूर रोडवरच्या एका दुकानाला दिलं. 2024 च्या गुढीपाडव्याला, म्हणजे 9 एप्रिलला, साठ हजार रुपये ॲडव्हान्स यूपीआयने पाठवले. 'अक्षय्य तृतीयेला बसवून देतो,' असा दुकानदाराचा मेसेज होता. ट्रॉली आजतागायत आलेली नाही, पैसेही नाहीत. वकिलामार्फत नोटीस पाठवली तेव्हा उत्तर आलं, की गिऱ्हाइकानेच 6 मे रोजी रंग बदलायला सांगितला, म्हणून उशीर झाला.

हे धादांत खोटं होतं. ते खोटं आहे हे दाखवता आलं ते फक्त चॅटवरून तारीखवार घटनाक्रम तयार केल्यामुळे. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर तुम्हालाही तो करावा लागेल, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

व्हॉट्सॲपमध्ये त्या चॅटच्या मेनूतून 'Export chat' करताना 'Include media' निवडा. मीडियाशिवाय काढलं तर व्हॉइस मेसेजच्या जागी नुसतं 'Media omitted' उरतं, आणि दुकानदारांची बरीचशी आश्वासनं आवाजातच असतात. हाती आलेली मूळ फाइल उघडून त्यात काहीही बदलू नका. तिची प्रत काढून त्या प्रतीवरच काम करा.

माझ्या फाइलमधल्या या तीन ओळींवर सगळं प्रकरण फिरलं (नावं बदलली आहेत):

```
31/05/24, 6:12 pm - दुकान: उद्या नक्की
03/06/24, 11:05 am - दुकान: PTT-20240603-WA0004.opus (file attached)
05/06/24, 9:40 am - मी: मग पांढरा चालेल
```

दुकानदाराने तिसऱ्या ओळीतला 05/06 हा 'सहावा दिवस, पाचवा महिना' असा वाचून दाखवला. फोनच्या सेटिंगनुसार काही फायलींत महिना आधी येतो, हे खरं आहे. त्यामुळे एकटी ओळ पाहिली तर त्याचं म्हणणं पटूही शकतं. पण वरच्या ओळीत 31/05 आहे, आणि एकतिसावा महिना नसतो. म्हणजे या फाइलमध्ये दिवस आधी आहे. दुसरा पुरावा व्हॉइस मेसेजच्या नावातच आहे. तिथे 20240603 असं वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलेलं असतं, आणि त्याच ओळीची तारीख 03/06 आहे. तेव्हा पांढऱ्या रंगाला मी हो म्हटलं ते 5 जूनला. अक्षय्य तृतीया 10 मे रोजीच होऊन गेली होती. म्हणून घटनाक्रमात तारीख आकड्यांत न लिहिता '5 जून 2024' अशी महिन्याच्या नावासह लिहा.

3 जूनचा तो व्हॉइस मेसेज ऐकून मी शब्दन् शब्द उतरवून काढला. 'सागवानी रंगाचा माल संपलाय, दुसरा सांगा,' असं दुकानदार स्वतःच म्हणतो. म्हणजे रंग बदलायची मागणी माझी नव्हतीच. नुसती माझी ओळ घेऊन तिच्या आधीची ओळ सोडून दिली असती, तर त्याचं खोटं तसंच टिकलं असतं. वादाची ओळ घ्याल तेव्हा तिच्या मागचीपुढची ओळही घ्या.

घटनाक्रमाचे रकाने चारच ठेवले: तारीख, कोण बोललं, नेमके शब्द, पुरावा कुठे आहे. 'उद्या नक्की' हे शब्द तसेच ठेवून पुढे कंसात 1 जून लिहिलं. 'फसवलं', 'टाळाटाळ केली' असे शेरे त्यात मुद्दाम लिहिले नाहीत, ते तक्रारअर्जात येतात. ॲडव्हान्सच्या ओळीसमोर बँक स्टेटमेंटमधला यूटीआर क्रमांक टाकला, कारण 'पाठवले' हा माझा मेसेज म्हणजे पैसे पोचल्याचा पुरावा नव्हे.

10 मेचा दुकानदाराचा एक मेसेज त्याने डिलीट केला होता. तिथे 'This message was deleted' एवढंच दिसतं, आणि मीही तेवढंच लिहिलं. आठवणीतून मजकूर भरला असता तर बाकीच्या ओळींवरचाही विश्वास गेला असता. त्याच्या खालचा माझा प्रश्न मात्र शाबूत होता: 'माल निघाला म्हणालात, गाडी कुठे आहे?' तो घेतला.

आमच्या वकिलांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. एक्सपोर्ट केलेली फाइल कुणालाही बदलता येते, त्यामुळे मूळ चॅट असलेला फोन जपायचा. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र छापील प्रतीला जोडायचं. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ती कुठून मोजायची हेही याच घटनाक्रमावरून ठरतं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. माझी तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगात दाखल आहे, आणि रंगाची ती तीन ओळींची नोंद पहिल्याच पानावर लावली आहे.