कोल्हापूरच्या नकाशाचे अरबी रूप: कोणत्या नावाचा अर्थ द्यावा आणि कोणत्याचा उच्चार

समजा, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीकडे ओमान आणि संयुक्त अरब अमिरातीतून खरेदीदार येणार आहेत. कार्यालयाच्या भिंतीवर जिल्ह्याचा मराठी नकाशा लावलेला आहे, त्याचा मोबाइलवर फोटो काढलेला आहे आणि त्या फोटोवरून पाहुण्यांसाठी एका पानाचा अरबी नकाशा तयार करायचा आहे. हे काम ज्याच्याकडे येते त्याच्यापुढे तीन मार्ग असतात. प्रत्येक शब्दाचा अरबी अर्थ देता येतो, प्रत्येक शब्द केवळ अरबी अक्षरांत उतरवता येतो, किंवा शब्दागणिक निवड करता येते. तिसरा मार्गच योग्य आहे असे माझे मत आहे, आणि त्यासाठी मी एकच कसोटी लावतो: पाहुण्याला तो शब्द फक्त समजून घ्यायचा आहे, की तो रिक्षावाल्यासमोर उच्चारायचा किंवा रस्त्यावरच्या पाटीशी जुळवून पाहायचा आहे? जे समजून घ्यायचे त्याचे भाषांतर करावे आणि जे तोंडातून बाहेर पडायचे त्याचे लिप्यंतर करावे.

या कसोटीवर नकाशाची सूची जवळजवळ पूर्णपणे भाषांतराच्या बाजूला जाते. नदी, तलाव, लोहमार्ग, रुग्णालय, महामार्ग हे शब्द कोणी उच्चारून दाखवणार नाही. ते चिन्हांचा अर्थ सांगण्यापुरते आहेत. मांडणी मात्र उलटवावी लागते, कारण अरबी उजवीकडून वाचली जाते आणि म्हणून चिन्ह उजवीकडे व त्याचे स्पष्टीकरण डावीकडे यावे लागते. सूचीत खरी अडचण येते ती ‘तालुका सीमा’ या एका ओळीत. भारतातील राज्याला अरबीत ‘विलाया’ (ولاية) म्हणतात, म्हणून महाराष्ट्र हे ‘विलायत माहाराश्त्रा’ होते. पण ओमानमध्ये हाच शब्द प्रांताखालच्या, म्हणजे आपल्या तालुक्याशी साधारण जुळणाऱ्या घटकासाठी वापरतात. अशा स्थितीत तालुक्यासाठी ‘विलाया’ लिहिले तर अमिरातीतला वाचक राज्याची सीमा समजेल, आणि राज्यासाठी लिहिले तर ओमानचा वाचक क्षणभर अडखळेल. म्हणून राज्यासाठी रूढ असलेला ‘विलाया’ ठेवावा, तालुक्याला تالوكا असे लिप्यंतरच करावे आणि सूचीतच ‘जिल्ह्याहून लहान प्रशासकीय घटक’ असा अरबी खुलासा जोडावा. सूचीत उच्चार जपण्याची गरज पडते ती एवढ्या एकाच ठिकाणी.

स्थळनावांकडे वळले की पहिल्या दोन मार्गांच्या मर्यादा लगेच उघड्या पडतात. पंचगंगेचे उदाहरण घ्या. अर्थ देण्याच्या उत्साहात ‘पाच गंगा’ असे अरबीत लिहिले, तर वाचकाच्या मनात उत्तर भारतातील ‘नहर अल-ग़ांज’ उभी राहते, आणि कोल्हापुरातील कोणीही माणूस त्या अरबी नावावरून नदीपर्यंत रस्ता सांगू शकणार नाही. उलट सगळेच लिप्यंतरित करून ‘पंचगंगा नदी’ अरबी अक्षरांत उतरवली, तर ‘नदी’ हा शब्द नावाचाच भाग वाटतो आणि ती निळी रेघ नदीची आहे की कालव्याची, हे कळत नाही. نهر بانتشغانغا, म्हणजे ‘नहर’ हा जातिवाचक शब्द भाषांतरित आणि विशेषनाम उच्चाराप्रमाणे, या रूपात दोन्ही कामे होतात. याच रीतीने रंकाळा तलावाचे بحيرة رانكالا आणि पन्हाळा किल्ल्याचे قلعة بانهالا होते. आपला ‘किल्ला’ हा शब्द मुळात अरबी ‘क़लआ’वरूनच आलेला असल्यामुळे इथे भाषांतर म्हणजे मूळ शब्दाकडे परत जाणे ठरते.

शुक्रवार पेठ हे नाव जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंचे धोके एकत्र आले आहेत. ‘शुक्रवार’चे भाषांतर केले तर ‘हय्य अल-जुमुआ’ असे अगदी सहज अरबी नाव तयार होते आणि वाचकाला ते आवडतेही, पण तेवढ्यावरून त्याला तिथे कोणी पोहोचवणार नाही. दुसरीकडे ‘पेठ’ अरबी अक्षरांत लिहिण्याचा प्रयत्न केला, तर प साठी ب घ्यावा लागतो आणि ठ साठी त व ह यांची जोडी. त्यातून بيته हे रूप होते, जे अरबी वाचक ‘त्याचे घर’ असे वाचतो. ह टाळून केवळ त ठेवला तर ‘घर’ उरते. फोटोतील इंग्रजी अक्षरांवरून काम केले तर ‘टी-एच’ ही जोडी ث या थसदृश अक्षराने लिहिली जाते आणि शब्द तिसरीकडेच जातो. म्हणून पेठेसाठी ‘हय्य’, म्हणजे वस्तीचा भाग, हा शब्द घ्यावा आणि शुक्रवार उच्चाराप्रमाणे ठेवावा: حي شوكرافار.

जातिवाचक शब्द वेगळा उभा असेल तर हा नियम सरळ लागू होतो. तो नावात मुरलेला असेल तर त्याला हात लावू नये. भुदरगड, राधानगरी, गगनबावडा यांतील गड, नगरी किंवा बावडा यांचा अर्थ उलगडत बसण्यात काही हशील नाही. इथे सर्वांत फसवा भाग म्हणजे ‘वाडी’. अरबीत وادي म्हणजे दरी किंवा कोरड्या नदीचे पात्र, आणि ओमानच्या माणसाला हा शब्द अगदी रोजचा आहे. नरसोबाची वाडी लिहिताना हा शब्द सुटा पडला, तर नकाशावर नरसोबा नावाची दरी उमटते, आणि ते स्थान कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावर असल्यामुळे वाचकाला त्यात काही चूक आहे अशी शंकाही येत नाही. उपाय असा की ‘व’साठी و ऐवजी ف घ्यावा आणि शब्द अखंड लिहावा: نارسوبافادي. विमानतळ ज्या उजळाईवाडीत आहे तिच्यासाठी आणि शाहूवाडीसाठीही हेच करावे, आणि एकदा ‘व’साठी ف ठरवल्यावर तो संपूर्ण नकाशात तसाच ठेवावा.

ज्या मोठ्या नावांची अरबीत रूढ रूपे आहेत, त्यांच्या बाबतीत नवी अक्षरजुळणी करू नये. भारत ‘अल-हिंद’ आहे, मुंबई مومباي आहे, आणि नकाशाच्या पश्चिम कडेला अरबी समुद्र दाखवला असेल तर तो بحر العرب असाच हवा. सह्याद्रीला मात्र मी दोन्ही देतो: ‘पश्चिम घाट’चे रूढ अरबी रूप मोठ्या अक्षरांत आणि सह्याद्रीचा उच्चार त्याखाली, कारण गाडीचा चालक सह्याद्रीच म्हणणार.

आता अक्षरांची निवड. अरबी वर्णमालेतील अठ्ठावीस अक्षरांत प, च आणि ग नाहीत. फारसी व उर्दूतील پ, چ, گ ही अक्षरे घेतली तर उच्चार अधिक नेमका होतो आणि मिरजकडचा एखादा उर्दू जाणणारा गृहस्थ तो नकाशा तपासूही शकतो. पण पाहुणे ज्या अक्षरांत रोज वाचतात ती ही नव्हेत, आणि मोबाइलच्या अरबी कळफलकावर ते नाव शोधायला गेले तर ही अक्षरे सहज सापडत नाहीत. मी अठ्ठावीस अक्षरांतच राहतो: प साठी ب, च साठी تش. ग साठी मात्र विचार करावा लागतो. ج या अक्षराचा उच्चार कैरोत आणि ओमानच्या काही बोलींत ग असा होतो, तर अमिरातीत साधारणतः ज असा होतो. त्यामुळे गगनबावडा ج ने लिहिला तर एक पाहुणा ‘गागान’ आणि दुसरा ‘जाजान’ वाचेल. غ चा उच्चार घशातून घर्षणाने येतो आणि मराठी ग पेक्षा वेगळा आहे, तरी तो सर्वत्र जवळपास सारखाच वाचला जातो आणि चालकालाही ओळखू येतो. दोन देशांचे पाहुणे असतील तेव्हा غ चीच निवड करावी. केवळ इजिप्तचे पाहुणे असतील तर ج अधिक स्वाभाविक ठरेल.

हे सर्व ठरवूनही फोटो चुकीचा वाचला गेला तर नकाशा फसतो. काचेवरच्या प्रकाशाच्या ठिपक्याने अनुस्वार झाकला जातो आणि हातकणंगलेचे ‘हातकणगले’ होते. शेवटची वेलांटी रस्त्याच्या रेघेत मिसळली तर शिरोलीचे शिरोळ वाचले जाते. शिरोली पुण्याच्या महामार्गावर शहराला लागून आहे आणि शिरोळ पूर्वेकडचा वेगळा तालुका आहे, पण अरबीत ळ आणि ल एकच असल्यामुळे شيرولي आणि شيرول यांत केवळ शेवटच्या ي चा फरक उरतो. पाहुण्यांना नेमके शिरोलीलाच यायचे आहे. म्हणून फोटोतील प्रत्येक नाव आधी देवनागरीत स्वच्छ उतरवून, नकाशावरील स्थानाशी ताडून मगच अरबीकडे जावे. इंग्रजी नावांवरून काम करणे सोपे दिसते, पण पन्हाळा तालुक्यातील कळे हे गाव रोमन अक्षरांत ‘केल’ असेही वाचता येते, आणि अरबीत तशीच चूक कायम होते.

आकड्यांच्या बाबतीत मी रस्त्यावरच्या पाट्यांप्रमाणे इंग्रजी वळणाचेच आकडे ठेवण्याच्या बाजूने आहे. आखाती देशांत ते सर्वत्र वाचले जातात. पूर्वेकडील अरबी आकड्यांत पाच (٥) आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि शून्य (٠) नुसता ठिपका असतो. प्रमाणपट्टीवर असा आकडा चुकला तर तो तपासणाऱ्या मराठी माणसाच्या लक्षात येणे कठीण असते.

छपाईपूर्वी अरबी न येणाऱ्यालाही एक तपासणी करता येते. كولهابور या नावात आठ अक्षरे आहेत, पण ती जोडली जाऊन चार पुंजके दिसायला हवेत. आठही अक्षरे सुटी दिसली, तर चित्रसंपादनाच्या प्रणालीने अरबी जोडणी केलेली नाही आणि बहुधा क्रमही उलटा लावला आहे. डोंगररांगेचे नाव देवनागरीत अक्षरे लांब लांब टाकून पसरवता येते, अरबीत तसे केल्यास शब्द तुटतो. तिथे अक्षरांमधली जोडरेघ लांबवावी लागते.

शेवटचा निर्णय अरबी नाव कुठे बसवायचे याचा आहे. मूळ नाव झाकून त्यावर अरबी टाकले तर पान स्वच्छ दिसते, पण पाहुणा आणि चालक यांच्यात दुवा राहत नाही. मूळ नाव तसेच ठेवून त्याखाली अरबी दिले तर दोघेही एकाच ठिकाणी बोट ठेवू शकतात, आणि जिल्ह्याच्या मोकळ्या भागात यासाठी जागाही असते. कागल, शिरोली, हातकणंगले अशा ज्या ठिकाणी वळायचे आहे तिथे पाटीवरचे इंग्रजी रूपही जोडावे. भवानी मंडप आणि महाद्वार रोडच्या परिसरात मात्र नावे इतकी दाट आहेत की तिन्ही रूपे मावत नाहीत. तिथे नकाशावर फक्त क्रमांक टाकून बाजूला अरबी व मराठी नावांची जोडयादी द्यावी, आणि त्या यादीत अंबाबाई मंदिरापुढे ‘महालक्ष्मी’ हे दुसरे नावही लिहावे, कारण विचारल्यावर दोन्हींपैकी कोणतेही उत्तर मिळू शकते.