छोले शिजत नाहीत तेव्हा: साधं पाणी, मीठ, सोडा की गरम पाणी?

जानेवारीत हळदीकुंकवाला वीस-बावीस बायका येणार होत्या. मी छोले करायचं ठरवलं. आदल्या रात्री काबुली चणे भिजवले, सकाळी कुकरला आठ शिट्ट्या दिल्या आणि झाकण उघडलं. सालं सुटून वर तरंगत होती, दाणा मात्र दाताखाली कचकचत होता. आणखी सहा शिट्ट्या दिल्या तरी मधला भाग तसाच रवाळ. शेवटी निम्मे मिक्सरमधून काढून रस्सा दाट केला आणि वेळ मारून नेली.

पाकीट मागच्या दिवाळीच्याही आधीचं होतं. त्यात अर्धा किलोहून जास्त चणे उरले होते, म्हणून पुढच्या रविवारी त्यातलेच थोडे वेगवेगळ्या पद्धतींनी शेजारी शेजारी शिजवून पाहिले. चणे किंवा राजमा कसा भिजवावा हे ठरवताना तुम्हाला याचा उपयोग होईल.

आधी एक फरक समजून घ्यायला हवा, कारण उपाय त्यावर ठरतो. न शिजणारे दाणे दोन जातींचे असतात. पहिला कुचर, काहीजण त्याला गणंग म्हणतात. याचं साल पाणी आतच घेत नाही. बारा तासांनी बाकीचे दाणे फुगून टम्म झालेले असतात आणि हा आपला गुळगुळीत, लहान, खड्यासारखा तळाशी पडून असतो. याला शिजवायच्या फंदात पडू नये, वेचून टाकावा. मूठभर चण्यांत दोन-चार निघाले तर काही बिघडत नाही.

दुसरा दाणा फसवा असतो. तो पाणी नीट पितो, फुगतो, वजनाने दुप्पट होतो, पण शिजत नाही. माझे चणे या जातीचे होते. दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिनमुळे. जॅम घट्ट होतो तोही पेक्टिनमुळेच. शिजताना हे पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटात चुरतो. पण पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येऊन बिलगले की ते विरघळेनासं होतं. ताज्या दाण्यात हे क्षार फायटेट नावाच्या पदार्थाने धरून ठेवलेले असतात. धान्य महिनोन् महिने उष्ण, दमट जागी पडून राहिलं की फायटेट हळूहळू मोडतं, क्षार मोकळे होतात आणि पेक्टिनकडे जातात. म्हणजे आपल्याकडचा एक उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा डब्यात काढलेला चणा अगदी याच अवस्थेला पोचतो. त्यात बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असलं तर बाहेरूनही कॅल्शियमची भर पडते.

आता रविवारचा प्रयोग. चार वाट्यांत १०० ग्रॅम चणे प्रत्येकी, वर अर्धा-अर्धा लिटर पाणी आणि बारा तास. पहिल्या वाटीत आमच्या सोसायटीचं टँकरचं पाणी होतं, ज्याने किटलीत पांढरा थर बसतो तेच. दुसरीत तेच पाणी आणि मीठ. तिसरीत फिल्टरचं पाणी आणि मीठ. चौथीत टँकरचं पाणी आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा. सकाळी चारही वाट्यांतले चणे दुपटीच्या आसपास भरले, म्हणजे पाणी पिण्यात कोणीच मागे नव्हतं. सगळे निथळून, धुऊन, त्या त्या प्रकारच्या ताज्या पाण्यात, एकेक वाटी स्वतंत्रपणे छोट्या कुकरमध्ये शिजवली: एक शिट्टी, मग मंद आचेवर वीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू दिली.

साध्या टँकरच्या पाण्यातले चणे पुन्हा तसेच, आत रवाळ. मिठाच्या वाटीत साल स्पष्ट मऊ होतं आणि सालं फारशी सुटली नव्हती, पण गाभा अजून किंचित करकरीत. फिल्टरचं पाणी आणि मीठ या जोडीतले चणे खाण्यासारखे झाले, बोटात दाबले तर चुरत होते. सोड्याचे सगळ्यांत मऊ, पण काही फुटले होते आणि रंग पिवळट झाला होता. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून ताजे चणे आणून साध्या टँकरच्या पाण्यात तेवढाच वेळ शिजवले, तर ते बिनतक्रार शिजले. म्हणजे आमच्या घरी मुख्य दोष जुन्या मालाचा होता आणि पाण्याने त्यात हात धुऊन घेतले होते.

यावरून निवड कशी करायची ते सांगते.

रोजच्यासाठी माझं मत मिठाला. लिटरभर पाण्याला अडीच सपाट छोटे चमचे मीठ, एवढ्यात पाव किलो चणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी ते पाणी ओतून द्यायचं. ‘मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही’ हे आपण सगळ्याच आईकडून ऐकत आलो, मीही वर्षानुवर्षं शेवटी घालायचे. भिजवण्याच्या पाण्यात उलटंच होतं: मिठातलं सोडियम पेक्टिनला बिलगलेल्या कॅल्शियमची जागा घेतं, त्यामुळे साल लवकर मऊ पडतं आणि फुटतही नाही. शिवाय दाणा आतून अळणी लागत नाही. पुढे रश्शात मीठ घालताना मात्र हात आवरायचा.

सोडा हे औषध समजावं, रोजचं जेवण नव्हे. पाणी अल्कधर्मी झालं की पेक्टिन झपाट्याने मोडतं, म्हणून जुना माल किंवा जड पाणी यांवर तोच खात्रीचा उपाय. पाव किलोला अर्धा छोटा चमचा भिजवताना घालून दाणे नीट धुवावेत. शिजवताना घालायचाच तर चिमूटभर. जास्त झाला की साबणासारखी चव येते, दाण्यांचा लगदा होतो आणि बी-१ जीवनसत्त्वही जातं. हुमससाठी मात्र लगदाच हवा असतो, तिथे सोडा बिनधास्त वापरा.

रात्री भिजवायचं राहून गेलं तर गरम पाण्याची पद्धत चालते. दाणे भरपूर पाण्यात दोन मिनिटं खळखळून उकळायचे, गॅस बंद करून झाकण ठेवून तासभर सोडायचे. एक दाणा नखाने किंवा सुरीने उभा चिरून पाहावा. मध्ये खडूसारखा पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून अर्धा तास ठेवावा. ही पद्धत वेळ वाचवते, पण जुन्या मालाचा हट्ट मोडत नाही, आणि सालं जास्त फुटतात. न भिजवता थेट कुकरला लावणं ताज्या चण्यांना जमतं, पाऊण तास लागतो आणि काही दाणे पिठूळ, काही टणक असा विस्कळीत शिजतो. पाहुणे असतील तर मी त्या वाटेला जात नाही.

एक चूक मात्र कुठलीही पद्धत निस्तरत नाही: आंबट आधी घालणं. टोमॅटो, चिंच, आमसूल, आमचूर यांच्या आंबटपणात पेक्टिन टिकून राहतं. अर्धवट शिजलेले छोले टोमॅटोच्या मसाल्यात घातले की पुढे तासभर उकळले तरी फारसे हलत नाहीत. पंजाबी पद्धतीत रंगासाठी चहापत्तीची पुरचुंडी आणि वाळका आवळा घालतात. चहा चालतो, आवळा आंबट असल्यामुळे चणे मऊ झाल्यावर घालावा. बोटाच्या चिमटीत दाणा विनासायास चुरला की मगच मसाला, हा नियम मी आता मोडत नाही.

राजम्याला वरचं सगळं लागू आहे, पण त्यात एक गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, लेक्टिन नावाचं विष असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू करू शकतात. ते नाहीसं करायला पूर्ण उकळी लागते. किमान दहा मिनिटं खळखळ उकळावं, अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन तर खात्रीसाठी तीस मिनिटं सांगतं. म्हणून राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावं आणि ताज्या पाण्यात शिजवावा. आपल्या प्रेशर कुकरमध्ये तापमान शंभराच्या बरंच वर जातं, त्यामुळे तिथे नीट मऊ होईपर्यंत शिजवला की काळजी उरत नाही. धोका आहे तो स्लो कुकरचा. परदेशातल्या आपल्या मुलांकडे ते भांडं हमखास असतं, कच्चा राजमा त्यात टाकून ती ऑफिसला निघून जातात. ते भांडं अनेकदा उकळीपर्यंत पोचतच नाही, आणि ८० अंशांच्या आसपास राहिलेल्या राजम्यात विष कच्च्यापेक्षाही वाढलेलं आढळतं. वापरायचंच असेल तर आधी गॅसवर उकळून मग त्यात घालावा. सोलर कुकरबाबतही तीच सावधगिरी. कोरेगावकडचा वाघ्या घेवडाही याच कुळातला, तोही अर्धकच्चा खाऊ नये.

म्हणजे टणक चणा फक्त जेवणाचा विचका करतो, टणक राजमा मात्र पोटावर उठतो. राजमा दाताखाली करकरला तर त्याला रश्शात मुरवत बसू नका, परत कुकरला लावा.

खरेदीबद्दल थोडक्यात: हरभऱ्याचं पीक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतं, म्हणून दिवाळीत विकत घेतलेला चणा निदान सात-आठ महिन्यांचा असतो, बहुतेकदा जास्तच. पाकिटावरची तारीख पॅकिंगची असते, पिकाची नव्हे. मी आता अर्ध्या किलोवर घेत नाही, आणि पावसाळ्यात डबा ओट्याशेजारच्या गरम कपाटाऐवजी फ्रिजमध्ये ठेवते. उन्हाळ्यात भिजवलेलं भांडंही फ्रिजमध्येच ठेवते. विदर्भातल्या मे महिन्यात आठ तासांत पाण्याला फेस आणि आंबूस वास येतो, हे माहेरी कितीदा पाहिलंय.

त्या पाकिटातले उरलेले चणे मी शिजवलेच नाहीत. बारा तास भिजवून, निथळून, कच्चेच लसूण, मिरची, कोथिंबीर, जिऱ्यासोबत भरड वाटले आणि वडे तळले. फलाफल असंच होतं, त्यात शिजवलेला चणा चालत नाही, वडा तेलात फुटतो. जुन्या चण्यांचा टणकपणा इथे आडवा येत नाही, बाहेर कुरकुरीत, आत मऊ. राजम्याचा असा प्रयोग मात्र चुकूनही करू नका.