लाकडी पॅटर्न ब्लॉक, 7 महिने वापरून: सेट घ्या, पण सुटे त्रिकोण मागवू नका

मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहे, आणि त्याला रांगा लावायला आवडतात. गाड्या, चपला, बटाटे, आजीच्या औषधांच्या डब्या, सगळ्याची रांग. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना जास्त सांगायला नको. हा रिव्ह्यू 250 नगांच्या लाकडी पॅटर्न ब्लॉकच्या सेटचा आहे, जून महिन्यात 1150 रुपयांना घेतला. पण लिहायला बसले ते गेल्या आठवड्यात 199 रुपयांचं जे सुट्या त्रिकोणांचं पाकीट मागवलं त्याच्यामुळे, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिणार आहेच कारण अजून डोक्यातून जात नाहीये.

आधी सेट. सहा आकार असतात हे माहीतच असेल, पिवळा षटकोन, केशरी चौरस, निळी शंकरपाळी, लाल होडी, हिरवा त्रिकोण आणि एक बारीक फिकट शंकरपाळी. आमच्यासाठी महत्त्वाचं काय तर सगळ्यांची बाजू 1 इंच, फक्त लाल होडीची लांब बाजू 2 इंच. म्हणजे कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला चिकटून बरोब्बर बसतो, फट राहत नाही. आधी आम्ही वेगवेगळ्या गाड्या घेतल्या होत्या, त्यात एक ट्रक लांब आणि एक रिक्षा बुटकी, त्यामुळे रांग कधीच त्याच्या मनासारखी व्हायची नाही आणि तो रडायचा, आम्हाला वाटायचं रांगेमुळे रडतोय. चुंबकाच्या टाइल्स पण आणल्या होत्या, पण एकीचा कोपरा उकलला आणि आतलं चुंबक दिसायला लागलं, त्याच दिवशी सगळ्या काढून टाकल्या कारण हा अजून वस्तू तोंडात घालतो, आणि दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना धरून बसतात, थेट ऑपरेशनपर्यंत जातं. लाकूड त्या मानाने बरं.

पहिले दोन महिने मी चूक केली. थेरपीच्या ताईंनी सांगितलं होतं की रांग मोडू नका, रांगेत सामील व्हा. मी त्याचा अर्थ असा घेतला की तुकडे माझ्या हातात ठेवायचे आणि त्याने "हिरवा" म्हटल्यावरच द्यायचे, बोलेल तरी. चार दिवस बोलला, पाचव्या दिवशी डबा बघूनच उठून गेला. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याच्या खेळाचा टोलनाका केलात." मग नव्याने सुरुवात केली. त्याच्या शेजारी, साधारण हातभर अंतरावर, मी माझी वेगळी रांग लावायची, त्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही, तो जे करतो तेच मी करायचं. तो केशरी ठेवतो मी पण केशरी. आठव्या-नवव्या दिवशी त्याने एक तुकडा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, मी ठेवते का ते बघायला. मग मुद्दाम दुसरा ठेवून परत बघितलं. 2 मिनिटं हे चाललं. नंतर हळूहळू केशरी-हिरवा-केशरी-हिरवा, मग केशरी-हिरवा-हिरवा असे पॅटर्न मी माझ्या रांगेत लावले आणि तो त्याच्या रांगेत घ्यायला लागला, सांगावं लागलं नाही. आता "हिरवा दे" स्वतःहून म्हणतो, कारण आता द्यायचं न द्यायचं असं काही राहिलेलं नाही.

रोजचं रुटीन असं. साडेपाचला शाळेच्या व्हॅनमधून आला की खाणं, मग ब्लॉक, मग आंघोळ, मग जेवण. भिंतीवर चार फोटो लावलेत, डावीकडून उजवीकडे, झालेला फोटो तो स्वतः काढून खालच्या डब्यात टाकतो. हे सगळं दुसऱ्याच आठवड्यात बसलं. बसत नव्हतं ते एकच, ब्लॉक संपवून आंघोळीला जाणं. त्यासाठी आधी वाळूचं घड्याळ आणलं, तर तो वाळूच बघत बसला, उलटं सुलटं, उलटं सुलटं. मग 900 रुपयांचा तो लाल चकतीचा टायमर आणला, ज्यात वेळ संपत आला की लाल भाग कमी होत जातो. ज्यांच्या मुलांना चालतो त्यांना चालत असेल, आमच्याकडे शेवटची बीप इतकी कर्कश की 2 मिनिटं आधीपासूनच कान झाकून बसायचा. स्पीकरवर चिकटपट्टी लावली तरी बीप येणार हे त्याला माहीत होतंच. 900 रुपये कपाटात पडून आहेत.

काम केलं ते सुताराकडून 150 रुपयांत बनवलेल्या फळीने. प्लायची, 2 फूट लांब, 4 इंच रुंद, चारही बाजूंनी बारीक पट्टी. जमिनीवर रांगेला शेवटच नसतो हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं, रांग हॉलमधून दारापर्यंत जायची आणि दार आलं की वळायची. फळीवर 24 चौरस बसतात, संपलं. त्रिकोण सुलटा-उलटा-सुलटा लावले तर 47 बसतात, संपलं. शेवटचे 6 तुकडे मी वाटीत ठेवते, वाटी आली म्हणजे आता एवढेच, वाटी रिकामी झाली की तोच "झालं" म्हणतो. आणि फळी उचलून कपाटावर ठेवायची, रांग मोडायची नाही, उद्या सकाळी तशीच दिसते. आंघोळीची भांडणं साधारण दहा दिवसांत थांबली. एक लक्षात ठेवा, आतली लांबी बरोबर 24 इंच करून घ्या. आमच्या सुताराने आधी अर्धा इंच जास्त ठेवला होता, शेवटी फट राहायची आणि पोरगं ती फट बोटाने दाबत बसायचं, परत जाऊन आतून पट्टी मारून आणली.

आता ते पाकीट. सेटमध्ये 50 त्रिकोण होते, सोफ्याखाली, गॅलरीतून, कुठेकुठे जाऊन 44 राहिले. 47 ला 3 कमी. फळी भरेना. म्हणून त्याच विक्रेत्याकडून 20 सुटे त्रिकोण मागवले, फोटोत तेच लाकूड, तोच आकार, "सर्व सेटसोबत चालतात" असं लिहिलेलं. रंग जरा गडद आला, मला वाटलं आता गोंधळ होणार. रंगाचं त्याला काहीच वाटलं नाही. त्याने रांग लावली आणि सवयीप्रमाणे वरून बोट फिरवलं, आणि 45 व्या त्रिकोणापाशी बोट थांबलं. काढला, परत लावला, परत बोट. गाल जमिनीला टेकवून एका डोळ्याने रांगेकडे बघितलं. मग सगळी रांग उचकटून पहिल्यापासून. 40 मिनिटं. जेवला नाही, रडून झोपला. नवरा टूलरूममध्ये आहे, त्याने दुसऱ्या दिवशी व्हर्निअर आणून मोजलं. जुना त्रिकोण 6 मिलिमीटर जाड, नवा 7.4. मोठ्या माणसाला टेबलावर दिसणारही नाही, त्याच्या बोटाला पायरी लागत होती.

विक्रेत्याला फोन केला तर, "मॅडम लाकूड आहे, थोडं उन्नीस-बीस होतं." मी म्हटलं रंगात उन्नीस-बीस होतं, जाडीत सव्वा पट होत नाही, मग "सर्व सेटसोबत चालतात" हे लिहिलंच कशाला? व्हर्निअरचा फोटो पाठवला. उत्तर आलं की पाकीट उघडलंय, परत घेता येणार नाही. न उघडता जाडी कशी मोजणार होते? आणि त्या पाकिटावर आयएसआयचा मार्क कुठेच नाही, जो 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर लागतो, मूळ सेटच्या खोक्यावर आहे. हे विचारल्यावर उत्तर येणंच बंद झालं. 199 रुपये गेले, ते जाऊ देत, पण ती संध्याकाळ गेली त्याचा राग आहे. सेटला चार तारे, पाकिटाला अर्धा.

पुढचं 3 आठवड्यांनी लिहितेय. नवऱ्याने 3 त्रिकोण 80 नंबरच्या पॉलिश पेपरवर मागच्या बाजूने घासून 6 मिलिमीटरवर आणले. तासभर लागला, मागचा रंग गेला, पण रांगेत त्रिकोण फक्त फिरवायचे असतात, पालथे करायचे नसतात, त्यामुळे ती बाजू दिसत नाही. फळी भरली. बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. म्हणून तुमच्याकडेही काही बदलायची वेळ आली तर आधी बघा की मूल नक्की काय तपासतं, रंग, जाडी, आवाज की वजन. आम्ही रंगाची काळजी करत बसलो होतो.

उरलेले 17 जाड मी फेकणार होते, ताई म्हणाल्या वेगळ्या डब्यात ठेवा. वेगळी बरणी, झाकणावर निळी पट्टी. पाच-सहा दिवस त्याने बघितलंही नाही. मग परवा बरणी स्वतः आणली आणि जाड-पातळ-जाड-पातळ अशी रांग लावली, वरून बोट फिरवलं आणि प्रत्येक पायरीला "टक" म्हणत गेला. मला बोलावून माझं बोट धरून फिरवायला लावलं. तरी पाकिटाचा अर्धा तारा मी वाढवणार नाही, कारण यात विक्रेत्याने काही केलेलं नाही.

अजून एक, काही जणांनी विचारलं म्हणून. रांग कधी खेळ आणि कधी त्रास, हे आमच्याकडे असं कळतं. खेळ असेल तर गुणगुणतो, मध्येच पाणी पितो, मी शेजारी बसलेली चालते. व्हॅन उशिरा आली किंवा शाळेत वर्ग बदलला त्या दिवशी हात भराभर चालतात, तोच एक सांधा परत परत लावतो, खांदे वर चढलेले असतात. त्या दिवशी मी पॅटर्न वगैरे काही करत नाही, माझी रांगही लावत नाही, वाटी उशिरा आणते आणि फक्त खोलीत असते.

सध्या आजीचं चाललंय की फळीवर खडूने रांगोळीचे ठिपके काढून द्यायचे, एका आड एक ओळीत, इंचाइंचावर, त्यात त्रिकोण बरोबर बसतात. काल तिने एक ठिपका जरा सरकवला, त्याने खडू तिच्या हातातून घेतला, तो ठिपका बोटाने पुसला आणि जागेवर काढला.