पंपाच्या बोर्डाशेजारची चिठ्ठी: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नाशिकला गंगापूर रोड परिसरातील आमच्या घरी महापालिकेचे पाणी जमिनीखालच्या टाकीत येते आणि तेथून अर्ध्या अश्वशक्तीचा सेल्फ-प्रायमिंग मोनोब्लॉक पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. मुलीकडे पुण्याला गेलो की आमचा मुक्काम महिना-दीड महिना लांबतो आणि तेवढे दिवस भाचा घर सांभाळतो. त्याच्यासाठी पंपाच्या बोर्डाशेजारी लावलेली सूचनांची चिठ्ठी आता आठ महिने वापरात आहे. हा अनुभव पंपापेक्षा त्या चिठ्ठीचा अधिक आहे.

तिच्याआधीच्या चिठ्ठीत मी लिहिले होते, ‘पंप बंद पडल्यास खाली पडलेला स्विच वर करावा.’ हे वाक्य आम्हाला फार महागात पडले. त्या वेळी घर तीन आठवडे बंद होते. भाच्याने येऊन बटण दाबले, तेव्हा मोटर नुसती गुणगुणली आणि काही सेकंदांत एमसीबी पडला. चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे त्याने तो वर केला. पुन्हा तेच झाले. सहा-सात वेळा असे झाल्यावर जळका वास आला आणि मग त्याचा फोन आला, “मामा, स्विच वर करतोय, पण राहतच नाही.” वाइंडिंग जळाले होते. कारागिराने पंप उघडून दाखवला, तेव्हा इंपेलरच्या कडेला तांबूस गंजाचा थर दिसला. या प्रकारच्या पंपात इंपेलर आणि केसिंग यांच्यातली फट अतिशय बारीक असते. पंप बरेच दिवस उभा राहिला की तिथे गंज धरतो आणि इंपेलर जागीच अडकतो.

स्विचने आपले काम चोख केले होते, चूक माझ्या वाक्याची होती. आमची मोटर फिरत असताना साधारण चार अँपिअर घेते. अडकली की त्याच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. सहा अँपिअरच्या एमसीबीतली धातूची पट्टी त्याने तापून वाकते आणि स्विच पडतो. पण ते होईपर्यंतचे काही सेकंद वाइंडिंगही तापत असते आणि प्रत्येक वेळी स्विच वर केला की आधीच तापलेल्या तारांवर तोच मारा पुन्हा होतो.

म्हणून नव्या चिठ्ठीची सुरुवातच अशी केली: ‘स्विच पडल्यास लगेच वर करू नये. पडण्यापूर्वी कोणता आवाज आला आणि किती वेळाने पडला, हे आधी आठवावे.’ गुणगुण येऊन काही सेकंदांत पडला असेल, तर मेन स्विच बंद करावा, पंखा थांबलेला असल्याची खात्री करावी, मागच्या जाळीच्या मधोमध दिसणाऱ्या शाफ्टच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालावा आणि शाफ्ट हलक्या हाताने दोन्ही बाजूंना फिरवून मोकळा करावा. शाफ्ट सहज फिरू लागल्यावर एमसीबीची दांडी आधी पूर्ण खाली दाबून मग वर करावी. अर्धवट राहिलेली दांडी धरत नाही. हा प्रयत्न एकदाच करायचा. शाफ्ट मोकळा असूनही गुणगुण आली, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो आणि ते काम वायरमनचे आहे. बटण दाबताक्षणी, कोणताही आवाज न होता स्विच पडला किंवा शेजारचा गळती-प्रवाहाचा स्विच पडला, तर कशालाही हात न लावता मला फोन करावा, ही ओळ मी लाल शाईने लिहिली आहे. पावसाळ्यात पंपाच्या कोनाड्यात ओल येते, तिथे धाडस नको.

आठ महिन्यांत इंपेलर दोनदा अडकला आणि दोन्ही वेळा भाच्याने तो पाच मिनिटांत मोकळा केला. एमसीबी एकेकदाच पडला, मोटरला काहीही झाले नाही.

एक उणीव मात्र जूनमध्ये लक्षात आली. फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून पंपातले पाणी उतरले होते, तरी मोटर सुरळीत फिरत होती आणि गच्चीवर थेंबही चढत नव्हता. स्विच पडत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे भाच्याने धरले, कारण चिठ्ठीत सगळी भिस्त स्विचवर होती. वास्तविक कोरड्या पंपावर भार कमी असतो, त्यामुळे एमसीबी पडण्याचे कारणच उरत नाही आणि पाण्याविना मेकॅनिकल सील मात्र तापून खराब होते. आमचे सील त्यातच गेले. आता चिठ्ठीच्या तळाशी जोडले आहे: ‘तीन मिनिटांत गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज न आल्यास पंप बंद करावा, वरचे बूच उघडून पाणी काठोकाठ भरावे आणि बूच घट्ट लावून एकदाच पुन्हा सुरू करून पाहावे.’ बूच उघडायचा पाना चिठ्ठीच्याच खिळ्याला टांगून ठेवला आहे, कारण त्या दिवशी तो शोधण्यातच त्याचा अर्धा तास गेला होता.