प्रत्येक इनपुटला वेगळे चित्र-सेटिंग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या घरातील ५५ इंची फोर-के टीव्हीला एचडीएमआय १ वर सेट-टॉप बॉक्स आणि एचडीएमआय २ वर गेमिंग कन्सोल जोडलेला आहे, आणि ओटीटीची ॲप टीव्हीमध्येच आहेत. बातम्यांमध्ये निळसर दिसणारा चेहरा ॲपवर पिवळसर का दिसतो, हा प्रश्न टीव्ही घेतल्यापासून घरात सगळ्यांनाच पडत होता. दुकानातील तंत्रज्ञाने ‘पॅनेल असेच असते’ असे सांगून विषय संपवला, परंतु कारण पॅनेलमध्ये नव्हते. एका इनपुटवर केलेला बदल टीव्ही त्या इनपुटपुरताच लक्षात ठेवत होता.

काही महिन्यांच्या वापरानंतर ही व्यवस्था मला योग्य वाटते, कारण प्रत्येक ठिकाणाहून येणारा सिग्नल खरोखरच वेगळा असतो. सेट-टॉप बॉक्समधील वाहिन्या बहुधा १०८०आय स्वरूपात आणि बऱ्याच दाबून पाठवलेल्या असतात, त्यामुळे तेथे चित्रातील खरखरीत कण पुसणारे नॉइज रिडक्शन थोडेसे उपयोगी पडते. तेच सेटिंग ॲपवरील स्वच्छ फोर-के चित्रावर लावले, तर त्वचेचा पोत पुसला जातो. कन्सोलवर बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांतील विलंब कमी हवा, म्हणून गेम मोडमध्ये टीव्ही चित्रावरील बरीचशी प्रक्रिया बंद ठेवतो. हे सगळे एकाच साच्यात बसवता येत नाही.

उजेड आणि अंधार यांतील फरक अधिक ठळक दाखवणाऱ्या एचडीआर चित्राचे गणित तर मुळातच निराळे आहे. साध्या चित्रात उजेड खोलीच्या गरजेनुसार कमी-जास्त करता येतो, पण एचडीआर१० या त्याच्या प्रकारात प्रत्येक सिग्नल-मूल्यामागे निट्स या एककात मोजलेला ठरावीक उजेड अभिप्रेत असतो. म्हणून रात्रीसाठी कमी केलेला बॅकलाइट एचडीआरला जसाच्या तसा लावला की चित्रपट काळोखा वाटू लागतो. याच कारणाने साधे चित्र, एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन यांची सेटिंग बहुतेक टीव्ही स्वतंत्र ठेवतात, आणि त्या त्या प्रकारचे चित्र चालू असतानाच ती मेन्यूत बदलता येतात.

आपला टीव्ही नेमके काय वेगळे ठेवतो, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. एका ॲपवर साधा कार्यक्रम लावून Color चे मूळ मूल्य लिहून ठेवावे आणि ते शून्यावर आणावे, म्हणजे चित्र कृष्णधवल होईल. मग दुसऱ्या ॲपवरही साधाच कार्यक्रम लावावा, त्यानंतर सेट-टॉप बॉक्सवर जावे आणि शेवटी एखादा एचडीआर चित्रपट लावावा. जेथे रंग परत दिसतील, तेथे सेटिंगचा वेगळा कप्पा आहे. आमच्याकडे सगळ्या ॲपचा कप्पा एकच निघाला, दोन्ही एचडीएमआयचे मात्र वेगळे होते. काही टीव्हींत ॲपनुसारही कप्पे असतात, त्यामुळे ही तपासणी आपल्याच टीव्हीवर करणे आवश्यक आहे.

त्यानंतर मी सर्वत्र समान ठेवण्याच्या मोजक्या गोष्टी ठरवल्या: पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर, रंगतापमान त्यातील उबदार पर्याय, Color कारखान्यातून आलेल्या मूल्यावर, आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा एनर्जी सेव्हिंगचा पर्याय बंद. कन्सोलवर गेम मोड कायम ठेवून फक्त रंगतापमान उबदार केले. चेहऱ्यांतील फरक मुख्यतः रंगतापमानामुळेच होता. ते जुळताच बातम्या आणि ॲप यांतील त्वचेचा रंग जवळजवळ सारखा दिसू लागला. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटते, मग डोळा सरावतो. एलजीमध्ये Apply to All Inputs आणि सॅमसंगमध्ये Apply Picture Settings हा पर्याय ही सेटिंग इतर इनपुटवर नेतो, मात्र नॉइज रिडक्शनसारखी गोष्टही त्याबरोबर जाऊ शकते, म्हणून नंतर प्रत्येक इनपुट उघडून पाहावे.

एवढे जुळूनही सेट-टॉप बॉक्सचे चित्र धुरकट राहिले, आणि त्याचे कारण ब्लॅक लेव्हलमध्ये सापडले. व्हिडिओमध्ये काळा सहसा १६ आणि पांढरा २३५ या मूल्यावर धरतात, तर संगणकाच्या पद्धतीत हीच व्याप्ती ० ते २५५ असते. बॉक्स पहिल्या पद्धतीने पाठवत असताना टीव्हीचे ते इनपुट दुसऱ्या पद्धतीवर असेल, तर काळा राखाडी दिसतो. उलट झाले तर अंधारातील केस आणि कपड्यांच्या घड्या काळ्यात बुडून जातात. दिवे मालवून रुंद पडद्याच्या चित्रपटाच्या वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या आधी ॲपवर आणि मग बॉक्सवर पाहाव्यात. बॉक्सवरील पट्ट्या स्पष्ट उजळ दिसल्या, तर हाच घोटाळा असण्याची शक्यता मोठी आहे. येथे Brightness खाली ओढून पट्ट्या काळ्या केल्या तरी पांढरा रंग मळकटच राहतो, म्हणून दुरुस्ती ब्लॅक लेव्हलच्याच पर्यायात करावी. तो पर्याय प्रत्येक एचडीएमआयसाठी वेगळा असणेच हिताचे आहे.

आता वाहिन्या-वाहिन्यांमध्ये जो फरक उरला आहे, तो त्यांच्या स्टुडिओतील प्रकाशयोजनेचा आणि प्रक्षेपणाचा आहे, आणि त्यासाठी मी टीव्हीची सेटिंग बदलत नाही.