मॅरेथॉनमधील पावलांचा हिशेब: मनगटी जीपीएस घड्याळाचा काही महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी हे घड्याळ सरावात आणि जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनमध्ये वापरले. ते मिनिटाला पडणारी पावले, म्हणजे कॅडन्स, आणि पावलाची सरासरी लांबी असे दोन्ही आकडे दाखवते. त्यांपैकी कॅडन्स हाताच्या हालचालीवरून थेट मोजला जातो. पावलाची लांबी मात्र मोजली जात नाही. जीपीएसने दिलेल्या वेगाला कॅडन्सने भागून ती काढली जाते. त्यामुळे उंच इमारतींमधून धावताना जीपीएसची जी चूक होते, ती थेट या लांबीत उतरते.

मॅरेथॉनचे अंतर 42.195 किलोमीटर आणि मला लागलेला वेळ 4 तास 45 मिनिटे, म्हणजे 285 मिनिटे. त्यांपैकी 255 मिनिटे मी धावलो आणि पाण्याच्या टेबलांपाशी व पेडर रोडच्या चढावर मिळून 30 मिनिटे चाललो. धावतानाचा कॅडन्स 168 होता, म्हणून 42,840 पावले. चालतानाचा 112, म्हणून 3,360. बेरीज 46,200. धावण्याचाच कॅडन्स पूर्ण वेळेला लावला असता, तर उत्तर 47,880 आले असते. घड्याळाची सरासरी 162 होती आणि तिला 285 ने गुणल्यावर 46,170 येतात, हे मला समाधानकारक वाटते.

लांबीवरून काढलेला आकडा मात्र जुळत नाही. घड्याळाने अंतर 42.8 किलोमीटर नोंदवले, त्यामुळे पावलाची लांबी 0.93 मीटर दिसली. अधिकृत अंतराला तिने भागल्यास 45,371 येतात, म्हणजे आठशेहून अधिक पावले कमी. शिवाय लांबी दोनच दशांश स्थळांपर्यंत दिसते, आणि एका सेंटीमीटरच्या फरकाने एवढ्या अंतरात सुमारे पाचशे पावले इकडची तिकडे होतात.

म्हणून लांबी हवीच असेल, तर ती स्वतः मोजावी. प्रियदर्शिनी पार्कच्या ट्रॅकवर पहिल्या लेनमधून 400 मीटरची एक फेरी मारताना मी फक्त उजवे पाऊल मोजले. ते 217 वेळा पडले, म्हणजे एकूण 434 पावले आणि लांबी 0.92 मीटर. हिच्यावरून 45,864 येतात. उरलेली तूट चालण्याची आहे, कारण चालताना माझे पाऊल 0.80 मीटरच्या आसपास पडते. शेवटच्या टप्प्यात थकव्याने पाऊल आखडते, हेही ताज्या पायांनी मारलेल्या फेरीत दिसत नाही.

कॅडन्सचीही पडताळणी करता येते: 30 सेकंदांत उजवे पाऊल किती वेळा पडले ते मोजून चारने गुणावे. माझे उत्तर घड्याळाशी दोन-तीन पावलांच्या फरकाने जुळते. हातात बाटली असली की मात्र घड्याळ कमी मोजते. ॲपमध्ये कॅडन्स 84 सारखा दिसला, तर तो एकाच पायाचा असतो आणि दुप्पट करावा लागतो. कॅडन्ससाठी हे घड्याळ मी निःशंकपणे सुचवेन, पावलाच्या लांबीसाठी नाही.